अठरा की बारा

पत्र्याच्या त्या खोलीत चार माणसं आणि एक टेबलफॅन होता. त्यातल्या त्यात डोकं ठिकाणावर होतं ते फॅनचं.

"बारा?" मालक तिसऱ्यांदा ओरडले. "पहिल्या तीन बोअरला अठरा आणि चौथ्याला बारा? वीस पावलांवर माती बदलली का रे? की तिलाही कंटाळा आला?"

मालक म्हणजे माती तपासून देणाऱ्या एका छोट्या कंपनीचे मालक. कंपनीकडे दोन मशिनं, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. तरी पाटीवर मात्र 'आणि कंपनी' असं ठसठशीत लिहिलेलं. या प्लॉटवर एका डॉक्टरीणबाईंना तीन मजल्यांचं प्रसूतिगृह बांधायचं होतं. खाली माती कशी आहे आणि ती किती वजन पेलेल, एवढं सांगायचं काम मालकांनी घेतलं होतं.

मालकांसमोर उभा होता पैलवान. आयुष्यात कधी कुस्ती न खेळलेला, पण मशिनचे पाइप काडीसारखे उचलणारा. त्याच्या बाजूला उस्ताद, म्हणजे साठी ओलांडलेले, पांढऱ्या मिशांचे, तीस वर्षं बोअर मारण्यात घालवलेले गृहस्थ. आणि टेबलाशी रजिस्टर घेऊन बसलेली इंजिनियर. तिला साइटवर सगळे मॅडम म्हणत. उस्ताद मात्र सूनबाई म्हणत, कारण ती त्यांची सूनच होती.

आता अठरा आणि बारा म्हणजे काय, ते सांगायला हवं. ही चाचणी बघणाऱ्याला चाचणी वाटतच नाही, जमिनीला दिलेली शिक्षा वाटते. बोअर खणत खणत ठरलेल्या खोलीवर थांबायचं. लांब दांड्यांच्या टोकाला एक जाड पोकळ नळी लावून ती तळाशी टेकवायची. मग साडेत्रेसष्ट किलोचा हॅमर पंचाहत्तर सेंटीमीटर वर उचलायचा आणि दांड्यांच्या डोक्यावर सोडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा सोडायचा. नळी पंधरा सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं, असं तीनदा. पहिल्या पंधराचे ठोके सोडून द्यायचे, कारण वरची माती खणताना विस्कटलेली असते. पुढच्या दोहोंची बेरीज म्हणजे एन. जास्त ठोके लागले तर माती घट्ट, कमी लागले तर भुसभुशीत. साडेत्रेसष्टच का, चौसष्ट का नाही, असं सूनबाईने कॉलेजात एकदा विचारलं होतं. सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं होतं.

तर या एनवरून पुढचं सगळं ठरतं. त्यात आधी दुरुस्त्या करायच्या. खोलीप्रमाणे वरच्या मातीचा दाब बदलतो, त्याची एक. बारीक वाळू पाण्याखाली असेल तर आणखी एक. मग पाया जिथे टेकणार तिथून खाली, पायाच्या रुंदीच्या दुपटीपर्यंतची सरासरी घ्यायची. वाळूत पाया कोसळेल का हे बघायचंच, पण बहुतेक वेळा गाडी अडते ती पाया किती खचेल यावर. पंचवीस मिलिमीटरच्या वर खचता कामा नये. या प्लॉटवर वाळूच होती आणि पाणी बरंच खाली होतं, त्यामुळे हिशेब सरळ होता: एनच्या एका आकड्यामागे चौरस मीटरला एक टन आणि वर चिमूटभर. अठरा आले तर जवळजवळ वीस टन. बारा आले तर तेरा. डिझाइनवाल्या इंजिनियरने वीस धरून पायांची चित्रं काढूनही टाकली होती.

"उस्ताद नव्हते तेव्हाच कसं असं झालं?" मालकांनी पैलवानाकडे बोट केलं. चौथ्या बोअरच्या दिवशी उस्ताद दाढ काढायला गेले होते आणि दोर पैलवानाने ओढला होता.

"मालक, मी बरोबर सोडला हो हॅमर," पैलवान म्हणाला. एवढा मोठा गडी, पण आवाज एकदम मांजरासारखा.

"उंच उचलला असशील," उस्ताद गालाला हात लावून म्हणाले. दाढेची सूज अजून उतरली नव्हती, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द तोंडात लाडू असल्यासारखा येत होता. "अंगात रग आहे ना! खुणेच्या वर नेलास की दणका मोठा बसतो, ठोके कमी लागतात. माती बिचारी चांगली आहे."

हे खोटं नव्हतं. हॅमर जास्त उंचावरून सोडला तर आकडा कमी येतोच. सूनबाईने मान हलवली.

"ऐका सगळ्यांनी," मालक म्हणाले. "चौथ्या बोअरच्या शेजारी आज नवीन बोअर मारा. उस्ताद दोर ओढतील. मला रिपोर्टमध्ये दोन आकडे नकोत. ज्याचा हात चुकलाय तो उद्यापासून या कंपनीत नको. कोणीही असो."

पैलवान उस्तादांच्या तोंडाकडे बघत राहिला. घरी त्याच्या बायकोला सातवा महिना होता आणि मालक बोलले की करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सूनबाईला त्याची दया आली, पण तिचाही जीव टांगणीला होता. परवाना मिळून महिनाच झालेला, आणि हा तिच्या सहीचा पहिला रिपोर्ट. खाली 'तपासले' लिहून सही करायची, तर आत काय आहे ते माहीत नको का?

नवीन बोअर दोन मीटर बाजूला घेतला. एकदा ठोकलेल्या जागी पुन्हा ठोकून काही उपयोग नसतो, ती माती मार खाऊन शहाणी झालेली असते. सूनबाई टेप घेऊन मशिनपाशी उभी राहिली. हॅमरच्या दांडीवरची लाल खूण तिने स्वतः मोजली: बरोबर पंचाहत्तर. मग पैलवानाला हॅमर दोन-चार वेळा नुसता उचलून सोडायला लावला. गडी खुणेला अगदी चिकटून थांबत होता, एका बोटाचाही फरक नाही.

"उस्ताद, हा तर बरोबर उचलतोय."

"तू समोर आहेस म्हणून!" उस्ताद म्हणाले आणि पैलवानाला बाजूला सारून दोर हातात घेतला.

तीन मीटर खोलीवर उस्तादांनी ठोकायला सुरुवात केली. इंजिनवर एक लोखंडी ड्रम गरागरा फिरतो, दोराचे त्याच्यावर वेढे असतात. दोर ताणला की ड्रम तो ओढतो आणि हॅमर वर जातो. दोर ढिला सोडला की हॅमर पडतो. उस्ताद हे पोळी लाटावी इतक्या सहज करत. खुणेपर्यंत वर, सोड. वर, सोड. पैलवान खडूच्या खुणा बघत ठोके मोजत होता, आणि मोजता मोजता त्याचा चेहरा पडत चालला होता.

"सहा," तो म्हणाला. मग "नऊ." मग पुन्हा "नऊ."

नऊ आणि नऊ अठरा.

"बघ!" उस्ताद म्हणाले. मिशीला पीळ देणार होते, पण हात सुजलेल्या गालाला लागला आणि ते कळवळले. पैलवान मशिनमागे जाऊन पाण्याच्या पिंपावर बसला. झालं, त्याची नोकरी गेली.

सूनबाई मात्र जागची हलली नाही. उंची तीच, हॅमर तोच, माती तीच. आणि तरी एकाला बारा, एकाला अठरा? हे कसलं गणित? ती उस्तादांच्या हाताकडे बघू लागली, मग दोराकडे. साडेचार मीटरचे ठोके सुरू झाले तेव्हा तिला आधी वास आला. दोर जळल्याचा. हॅमर पडताना दोर ड्रमवरून कुरकुरत होता, घासत होता. पैलवान सोडायचा तेव्हा दोर हवेत नाचायचा, हे तिने मघाशीच पाहिलं होतं. इथे तो नाचत नव्हता. हॅमर पडत नव्हताच मुळी, दोराला धरून उतरत होता.

तिने ड्रमवरचे वेढे मोजले. तीन.

वेढे दोनच असायला हवेत. जास्तीत जास्त दोन. हे पुस्तकात असतं, परीक्षेत विचारतात आणि नोकरी लागल्यावर सगळे विसरतात. तिसरा वेढा घातला की ड्रम दोराला घट्ट धरतो. उचलायला फार सोपं जातं, हाताला जोर लागत नाही. पण सोडताना तोच ड्रम दोराला ब्रेक लावतो. दोर जुना आणि ड्रम गंजलेला असेल तर विचारूच नका. हॅमरचा बराच जीव वाटेतच जातो, खाली पोचतो तो उणा दणका. मग तेवढीच नळी आत घालायला जास्त ठोके लागतात, आणि जमीन आहे त्यापेक्षा घट्ट दिसते.

सूनबाईच्या पायाखालची वाळू सरकली, आणि ती वाळू बारा एनची होती हेही तिला त्याच क्षणी कळलं.

कारण बाबांनी, घरी ती उस्तादांना बाबाच म्हणे, तिसरा वेढा का घातला, ते तिला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून ते उजव्या खांद्यावर पडले होते. तेव्हापासून वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला तर ते "सूनबाई, जरा हे बघ" म्हणत आणि दुसरीकडे बघत. सासूबाई गेल्यावर घरात ते फार बोलत नसत. उद्या साइट आहे म्हटलं की मात्र दोन घास जास्त जेवत. आणि आता मालकांना जाऊन सांगायचं की चुकलाय तो हा हात? याला घरी बसवा?

दुपारी सगळे झाडाखाली डबे उघडून बसले. तिने बाबांना बाजूला घेतलं.

"बाबा, तुम्ही दोराला तीन वेढे घालता?"

"घालतो की," ते म्हणाले. "कोणापासून लपवलंय?"

"त्याने ठोके वाढतात बाबा. अठरा नाहीत ते. पैलवानाचे बाराच खरे आहेत."

बाबांनी घास खाली ठेवला. दाढेमुळे ते तसेही एका बाजूनेच चावत होते, आता तेही थांबलं.

"तू मला शिकवणार?" ते म्हणाले. "तू शाळेत जायच्या आधीपासून ठोके मोजतोय मी. या गावात उभ्या असलेल्या अर्ध्या इमारती माझ्या आकड्यावर उभ्या आहेत. पडली एक तरी?"

"पडली नाही म्हणजे..."

"मग झालं तर." आणि डब्याचं झाकण असं आपटलं की पलीकडे पैलवानाला ठसका लागला.

अशी माणसं समजुतीने ऐकत नाहीत. ती माती मानतात. सूनबाईने दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन बोअर मारायचं ठरवलं, एकमेकांपासून दोन मीटरवर, आणि मालकांना सांगितलं की मला खात्री करायची आहे. मालकांनी डिझेलच्या नावाने खडे फोडले आणि परवानगी दिली. सही तिची होती, इलाज काय?

सकाळी ती म्हणाली, "बाबा, दोन वेढे घाला."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पेटत्या चुलीत पाणी ओतलं होतं. मग एक वेढा काढला, दोर धरला आणि ताणला. हॅमर उठला. खुणेला पोचला, पडला. काय दणका होता! दांड्या वाजल्या, पायाखालची फळी हलली. दोर हवेत नाचला. पैलवानाचे डोळे मोठे झाले.

दुसरा ठोका. तिसरा. तिसऱ्याला बाबांचं तोंड वाकडं झालं. चौथ्याला हॅमर अर्ध्यावर गेला आणि बाबांच्या हातून दोर सरसर निसटला. हॅमर आपोआप खाली आला. पुन्हा त्यांनी दोर धरला, पुन्हा निसटला. दोन वेढ्यांवर हाताला खरं वजन लागतं, आणि खांदा ते घेत नव्हता. ते तिसऱ्यांदा धरायला गेले तेव्हा पैलवानाने हळूच दोर स्वतःच्या हातात घेतला. एरवी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या गेल्या असत्या. पण बाबा मुकाट्याने मागे झाले आणि बादली उपडी करून तिच्यावर बसले. सूनबाईला वाटलं, आता रडू येणार, मला की यांना कोण जाणे. तिने टेप गुंडाळायचं नाटक केलं.

हातचा गेलेला तो टप्पा सोडून दिला, थोडं आणखी खणून पुढच्या खोलीवर पैलवानाने दोन वेढ्यांनी ठोकलं. चार. सहा. सहा. सहा आणि सहा बारा.

मग दुसऱ्या बोअरला, त्याच खोलीवर, त्याच पैलवानाला तिने तीन वेढे घालायला लावले. तोच हात, तीच उंची. पाच. नऊ. नऊ.

"अठरा," पैलवान म्हणाला आणि दोराकडे भुताला बघावं तसं बघत राहिला. "मॅडम, म्हणजे मी पण उस्ताद झालो की!"

सूनबाई हसली नाही, पण नंतर तिने कबूल केलं की हसू आलं होतं.

मालक साडेअकराला आले आणि सगळ्यांना पत्र्याच्या खोलीत बोलावलं. तिने सगळं सांगितलं: तीन वेढे, घासणारा दोर, पैलवानाची नसलेली चूक. "माती तेरा टनांची आहे. पाये क्षेत्रफळाने दीडपट मोठे करावे लागतील. पहिल्या तीन बोअरचे आकडे तसेच्या तसे वापरता येणार नाहीत."

मालक बराच वेळ कपाळ चोळत होते. बरं, माणूस तसा वाईट नव्हता, फक्त कोणाला तरी काढल्याशिवाय त्याला प्रश्न सुटल्यासारखा वाटत नसे. "पैलवान, तू राहा," ते म्हणाले. "उस्ताद, मी शब्द दिलाय सगळ्यांसमोर. कोणीही असो, म्हणालो होतो. तुमचं आता वयही..."

बाबा उठले. वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं. पैलवान तर खाली बघत अंगठ्याने माती उकरत होता.

"जातो," बाबा म्हणाले. "पण सूनबाई, एक सांग. हे कमी करून घेत नव्हता का तुम्ही?"

"काय कमी करून?"

"तिसऱ्या वेढ्याचं."

"मला कसं कळणार बाबा, तुम्ही तीन घालता ते?"

बाबांनी तिच्या मांडीवरचं रजिस्टर ओढून घेतलं. मातकट बोटांनी पान उलटलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'शेरा' याच्याही पलीकडे, कागदाच्या अगदी काठाला एक अरुंद रकाना छापलेला होता: दोराचे वेढे. त्यात बाबांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं ३. त्याच्या खाली ३. त्याच्या खाली ३. चौथ्या बोअरसमोर पैलवानाच्या अक्षरात २, २, २.

तिने मागचं पान उलटलं. मागची साइट, ३. त्याच्या मागची, ३. कंपनीचं दप्तर साइटबरोबरच फिरायचं; तिने कोपऱ्यातल्या कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. सगळीकडे, प्रत्येक खोलीसमोर, एकही न चुकवता, ३. चार वर्षांपूर्वीपर्यंत २, आणि एका मंगळवारपासून ३. त्या मंगळवारी समोर शेऱ्यात लिहिलं होतं, 'खांदा दुखतो.'

"तुम्ही लोक एवढ्या दुरुस्त्या करता," बाबा म्हणाले. रागाने नाही, खरंच न समजल्यासारखे. "मातीच्या दाबाची करता. पाण्याची करता. दांड्या किती लांब त्याची करता. मला वाटलं, दोराचीही करत असाल. म्हणून तर लिहीत होतो."

खोलीत फॅन आवाज करत होता.

चार वर्षं ती या रजिस्टरवरून रिपोर्ट टाइप करत होती. परवाना नव्हता तेव्हा बाहेरच्या एका वरिष्ठांच्या सहीसाठी, आता स्वतःच्या. खोली, ठोके, एन, मातीचं वर्णन. तिच्या कॉम्प्युटरमधला तक्ता तिथेच संपायचा, म्हणून तिचे डोळेही तिथेच थांबायचे. म्हाताऱ्याने शंभर वेळा सांगितलं होतं आणि तिने एकदाही वाचलं नव्हतं. आणि काल त्याच माणसाला ती झाडाखाली शिकवत होती! तिला स्वतःची एवढी लाज वाटली की कान तापले.

"मालक," ती म्हणाली, "हात चुकला नाही. हात काय करतोय ते हाताने लिहून दिलं होतं. वाचायचं काम माझं होतं. काढायचं तर मला काढा."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग छताकडे. कंपनीत परवाना असलेली सही ती एकच. तिला काढलं तर पाटीवरचं 'आणि कंपनी' नुसतं 'आणि' राहिलं असतं.

"तुम्ही सासरे-सून मिळून मला वेडं करणार," ते म्हणाले. "कोणी कुठे जात नाही. पैलवान दोर ओढेल, उस्ताद रजिस्टर लिहितील. आणि तुम्ही मॅडम, तुम्ही ते वाचा. मेहरबानी."

रिपोर्टमध्ये तिने पाये तेरा टनांवर धरायला सांगितले. डिझाइनवाल्याने फोनवर बराच वेळ ताशेरे ओढले. डॉक्टरीणबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "तेरावर सुरक्षित आहे ना?" आणि हो म्हटल्यावर "मग तसंच करा" म्हणून पेशंट बघायला गेल्या. पहिले तीन बोअर का बाजूला ठेवले, याचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा सूनबाईने आधी लिहिलं, 'चाचणीच्या पद्धतीतील त्रुटीमुळे.' मग ते खोडलं आणि लिहिलं: 'दोराला तीन वेढे होते. चालकाने त्याची नोंद वेळच्या वेळी केली होती. ती नोंद इंजिनियरने वाचली नाही.' खाली स्वतःची सही केली.

बाबांनी वाचलं. "हे कशाला लिहिलंस? लोक हसतील."

"हसू देत."

"तुझ्या पहिल्या सहीला?"

"अहो बाबा, सही आहे ती. लग्नाचा फोटो आहे का?"

त्या दिवशी चहा बाबांनी केला. अगदी गुळचट.

मग उरली जुनी रजिस्टरं. दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. बाबा वाचत, ती हिशेब करत. चार वर्षांत तीन वेढ्यांच्या एकतीस साइट निघाल्या. बऱ्याच ठिकाणी खाली खडक होता, तिथे कितीही वेढे घाला, खडकाला फरक पडत नाही. काही ठिकाणी पाया एनवर ठरलाच नव्हता. काही ठिकाणी आकडा कमी करूनही जमीन पुरून उरत होती. असं करता करता शेवटी सात राहिल्या. सात इमारती, वाळूवरच्या, जिथे जमीन त्यांनी सांगितली होती तेवढी घट्ट नव्हती.

"फोन करावे लागतील," सूनबाई म्हणाली.

"काय सांगणार?"

"खरं सांगणार. आमचा आकडा चुकला, येऊन बघतो."

तिने पहिला नंबर लावला. दुमजली घर, तीन वर्षांपूर्वीचं. पलीकडे एक म्हातारी बाई होती. सूनबाईने शक्य तेवढं सोपं करून सांगितलं, की तुमच्या घराच्या मातीच्या तपासणीत आमची चूक झाली, घाबरायचं कारण नाही, पण एकदा पाहून जायचंय.

"मग जिन्याखालचा तडा त्याचा आहे का?" बाई म्हणाली. "दीड वर्ष झालं. दोनदा लिंपला, पुन्हा येतो. मुलगा म्हणतो मिस्त्रीने सिमेंट खाल्लं, मिस्त्री म्हणतो मुलगा कटकट्या आहे. त्या मिस्त्रीला आम्ही किती बोललो हो..."

सूनबाईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार ताई," ते म्हणाले. "मी तो ठोकणारा म्हातारा. तडा जिन्याच्या वरून खाली आलाय की खालून वर गेलाय? तिरपा आहे? रुंद वरच्या टोकाला आहे की खालच्या? बरं. पोस्टकार्ड त्यात जातं का? बरं, जात नाही. आज त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा, वाढतोय का ते कळेल. उद्या सकाळी नऊला आम्ही येतो. मिस्त्रीचा नंबर आहे का? तोही द्या, त्याला मी बोलतो."

त्यांनी फोन ठेवला. नवीन रजिस्टर उघडलं, पहिलं कोरं पान काढलं आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

"लिही," बाबा म्हणाले. "आणि सगळे रकाने भर."